आधी कोण, नंतर कोण? प्रकल्प सादरीकरणाचा क्रम ठरवण्याची रीत

प्रकल्पांची सादरीकरणं जवळ आली की वर्गात एकच प्रश्न फिरत असतो : "सर, आमचा नंबर कितवा?" शिक्षकाच्या लेखी हा वेळापत्रकाचा किरकोळ भाग असतो. मुलांच्या लेखी तो तसा नसतो, आणि त्यांचं बरोबर आहे. कोण कितव्या क्रमांकावर उभं राहतं त्यावर किती वेळ धाकधूक सहन करायची ते ठरतं, आणि थोड्याफार प्रमाणात गुणही ठरतात.

बहुतेक ठिकाणी क्रम रोल नंबरने लागतो. ती पद्धत तटस्थ वाटते, पण त्यात तीच ती मुलं दर वेळी पहिली आणि तीच ती शेवटची. एखाद्या सादरीकरणात क्रमामुळे झालेलं नुकसान पुढच्या सादरीकरणात भरून निघायची सोयच राहत नाही. म्हणून ती बाजूला ठेवून तीन खऱ्या पर्यायांकडे वळू : चिठ्ठ्या टाकणे, स्वतःहून पुढे येणाऱ्यांना आधी घेणे, आणि विषयाच्या काठिण्यानुसार लावणे. माझं मत आधीच सांगतो. पाया चिठ्ठीचाच असावा. स्वेच्छेला फक्त ठरावीक जागा द्याव्यात. काठिण्य क्रम लावायला वापरू नये, अवघड विषय सगळीकडे सारखे विखुरण्यासाठी वापरावं. असं का, आणि हे प्रत्यक्षात कसं करायचं, ते बारा गटांच्या एका वर्गावर पुढे सविस्तर दाखवलं आहे.

क्रमाचा गुणांवर परिणाम होतो तो कुठून

एकामागून एक येणाऱ्यांना गुण द्यायचे असतात तिथे हा प्रश्न आकड्यांनिशी तपासला गेला आहे. बेल्जियममधल्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत वादकांचा क्रम सोडतीने ठरतो. तिच्या निकालांचा अभ्यास फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. अंतिम फेरीत पहिल्या दिवशी वाजवणारे निकालात मागे राहतात आणि उशिरा वाजवणाऱ्यांना वरचं स्थान मिळण्याची शक्यता जास्त असते, असं त्यात दिसलं. क्रम सोडतीने लागलेला असल्यामुळे 'पहिल्या दिवशीचे वादकच कच्चे होते' असं म्हणायला जागा उरत नाही. ब्रुइन दे ब्रुइन यांनी २००५ मध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धा आणि फिगर स्केटिंगच्या गुणांवर हेच तपासलं. क्रमांक जसा पुढे सरकतो तसे गुण वाढतात, असं तिथेही आढळलं. सगळी सादरीकरणं संपल्यावर गुण दिले काय किंवा प्रत्येकानंतर लगेच दिले काय, कल तोच राहिला.

यामागे काय घडतं ते परीक्षकाच्या खुर्चीतून सहज समजतं. पहिला गट येतो तेव्हा तुलनेला समोर कोणी नसतं. वीसपैकी अठरा दिले आणि पुढे याहून सरस कोणी आलं तर काय करणार, म्हणून हात आखडतो आणि पंधरा-सोळावर थांबतो. दहाव्या गटापर्यंत वर्गाची पातळी कळलेली असते, त्यामुळे अठरा द्यायला संकोच वाटत नाही. काम दोघांचं सारखंच असलं तरी.

याच्या उलट ओढणारी गोष्टही आहे. सिमनसन आणि जीनो यांनी २०१३ मध्ये व्यवस्थापन अभ्यासक्रमाच्या प्रवेश-मुलाखतींचे गुण तपासले. त्याच दिवशी आधीच्या काही उमेदवारांना भरघोस गुण दिलेले असतील तर पुढच्याला थोडे कमी मिळत होते. 'आज सगळ्यांनाच जास्त देऊन कसं चालेल' असा हिशेब मनात आपोआप सुरू होतो, जणू प्रत्येक दिवसाचा स्वतंत्र कोटा असावा. म्हणजे सलग तीन चांगल्या गटांनंतर येणाऱ्या चौथ्या चांगल्या गटाला नुकसान होऊ शकतं.

शेजारी कोण आहे यानेही फरक पडतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या जिम्नॅस्टिक्सचे गुण तपासले तेव्हा आधीचा खेळाडू उत्तम असेल तर पुढच्याचे गुण वर ओढले जातात असं दिसलं. त्याच संशोधकांच्या प्रयोगांत मात्र ही दिशा बदलली. दोघं एकाच प्रकारचे वाटले तर गुण जवळ येत, वेगळे वाटले तर फरक ठळक होई. वर्गापुरता याचा अर्थ असा की एकाच विषयावरचे दोन गट लागोपाठ ठेवले तर दुसऱ्याचे गुण त्याच्या स्वतःच्या कामावर कमी आणि पहिल्याच्या कामावर जास्त अवलंबून राहतात. त्याने फायदा होईल की तोटा, हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच ते टाळायचं.

हे सगळं परीक्षकाच्या डोक्यात घडतं, विद्यार्थ्याच्या नाही. त्यामुळे सोडतीने हा परिणाम नाहीसा होत नाही. सोडत फक्त त्याचा भार कोणावर पडणार हे नशिबावर सोपवते. भार कमी करायचा तर गुण देण्याची पद्धत बदलावी लागते, त्याकडे शेवटी येऊ.

धाकधूक कधी वाढते, कधी उतरते

भाषणाच्या भीतीवर बेंकी आणि सॉयर यांनी १९९९ मध्ये केलेलं एक निरीक्षण शिक्षकांना फार उपयोगाचं आहे. सादरीकरण करायचं आहे हे कळतं तेव्हा चिंता वर जाते, तयारी सुरू झाली की खाली येते आणि प्रत्यक्ष उभं राहायच्या अगदी आधी सर्वांत उंच जाते. बोलायला सुरुवात केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत हृदयाचे ठोके शिगेला असतात आणि मग हळूहळू उतरू लागतात.

यातून क्रमाबद्दल दोन गोष्टी निघतात. पहिली : क्रम त्याच दिवशी सकाळी जाहीर केला तर क्रमांक कळण्याची चिंता आणि उभं राहण्याची चिंता एकावर एक येतात, मधला उताराचा काळ मिळतच नाही. म्हणून सोडत चार-पाच दिवस आधी काढावी. दुसरी : आयत्या वेळी डब्यातून नाव काढून "चला, पुढचा गट अमुक" असं पुकारण्याची पद्धत वरून न्याय्य दिसते, पण प्रत्येक चिठ्ठीगणिक उरलेले सगळे गट एकदम शिखरावर जातात आणि त्यांचं नाव न आल्यामुळे पुन्हा खाली येतात. शेवटच्या गटाला ही चढउतार अकरा वेळा सोसावी लागते. 'सगळे तयार राहावेत' एवढ्यासाठी हे करत असाल, तर त्यावर सोपा उपाय आहे : फाइल जमा करण्याची मुदत सगळ्यांना एकच ठेवा.

आणखी एक गोष्ट मागच्या बाकावरून पाहिल्यास लगेच ध्यानात येते. पुढचा नंबर असलेल्या गटाकडे बघा. एकाचे ओठ हलत असतात, दुसरी कार्ड उलटंपालटं करत असते, तिसऱ्याची नजर फळ्यावर असते पण तिथलं काही त्याच्यापर्यंत पोहोचत नसतं. ब्रेनर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की आपली पाळी येण्याआधी जो बोलतो त्याचं बोलणं माणसाला फारसं आठवत नाही. त्यामुळे वर्गमित्रांकडून गुण किंवा प्रश्न घेण्याची पद्धत असेल तर पुढच्या नंबरच्या गटाला त्यातून सूट द्यावी. त्यांनी दिलेले गुण विश्वासार्ह नसतात, आणि ते मागणं म्हणजे त्यांच्यावर आणखी एक ओझं. क्रम आधी जाहीर असला की एका वेळी एकच गट असा 'बहिरा' होतो. आयत्या वेळच्या सोडतीत अर्धा वर्ग होतो.

स्वेच्छेने पुढे येणं : कोणाला लाभ, कोणाला तोटा

काही मुलांना पहिलं उभं राहून मोकळं व्हायचं असतं, वाट पाहण्यातच त्यांचा जीव जातो. काहींना दोन-तीन गट पाहिल्याशिवाय धीर येत नाही. आपला क्रमांक आपण निवडला आहे एवढ्यानेही घालमेल कमी होते, हे खरं आहे. म्हणून स्वेच्छा पूर्णपणे काढून टाकणं मला पटत नाही.

पण "कोण येतंय आधी?" असं विचारून हात वर करायला लावले की काय होतं पाहा. ज्यांची तयारी झालेली आहे आणि ज्यांना बोलायची भीती नाही ते आधी येतात. सुरुवातीलाच वर्गाची पातळी उंचावते. भित्री मुलं शेवटी ढकलली जातात आणि एकेक गट होत जाताना त्यांची भीती वाढत जाते. वेळ संपत आलेली असते, परीक्षक थकलेले असतात, आणि कच्च्या तयारीच्या गटाला सात मिनिटांत आटपायला सांगितलं जातं. शेवटी येण्याचा जो फायदा वरच्या अभ्यासांत दिसतो तो इथे घाईत वाहून जातो.

दुसरी अडचण कमी दिसते, पण जास्त खोल आहे. स्वेच्छेने लागलेल्या क्रमात पहिल्यांना चांगले गुण मिळाले, तर ते त्यांच्या कामामुळे की क्रमामुळे, हे कधीच सांगता येत नाही. क्रम आणि कुवत एकमेकांत मिसळून जातात. सोडतीने लावलेल्या क्रमात ते तपासता येतं. एखाद्या पालकाने "आमच्या मुलाला पहिल्यांदा उभं केलं म्हणून गुण कमी पडले" अशी तक्रार आणली, तर दाखवायला हातात काहीतरी असतं.

म्हणून स्वेच्छा ठेवायची, पण तीन अटींवर. ती फक्त त्या दिवसाच्या सादरीकरणांच्या प्रत्येक सत्राच्या पहिल्या जागेपुरती असावी. ती चिठ्ठीवर लिहून घ्यावी, हात वर करून नाही, कारण भरवर्गात हात वर करणारे नेहमी तेच असतात. आणि आधी येण्यासाठी एकही जादा गुण देऊ नये. बोनस ठेवला की ती स्वेच्छा राहत नाही, आणि ज्याला भीती वाटते त्याच्याकडून भीतीचा दंड वसूल केल्यासारखं होतं. इच्छुकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची : पहिल्या जागेवर गुण किंचित आखडते दिले जाण्याचा धोका असतो, तो कमी करण्यासाठी आम्ही अमुक करणार आहोत. हे माहीत असूनही ज्याला पहिलं यायचं आहे, तोच खरा इच्छुक.

काठिण्यानुसार क्रम का लावू नये

'सोप्याकडून अवघडाकडे' हा शिकवण्याचा क्रम आहे. परीक्षेत तो आणला की तीन गोष्टी बिघडतात. जाहीर यादीत पहिलं नाव म्हणजे 'तुमचा प्रकल्प सगळ्यांत किरकोळ' असा शिक्का, आणि मुलं तो लगेच ओळखतात. अवघड प्रकल्प नेमके त्या वेळी येतात जेव्हा ऐकणाऱ्यांची दमछाक झालेली असते. आणि मूल्यमापनाच्या तक्त्यात काठिण्याला वेगळे गुण असतील, तर शेवटी येण्याचा फायदाही त्यांनाच मिळून एकाच गोष्टीचे दोनदा गुण जातात. उलटा क्रम, म्हणजे अवघड आधी, तोही बरा नाही. परीक्षकाचा हात बसलेला नसतो तेव्हाच सर्वांत गुंतागुंतीचं काम समोर येतं, आणि त्यानंतरचा साधा पण नेटका प्रकल्प उगाच फिका वाटतो.

तरीही काठिण्याची नोंद हवी, ती विखुरणीसाठी. इथे 'अवघड' म्हणजे करायला अवघड असं धरू नका, ऐकायला अवघड असं धरा. सर्किट बांधायला दोन महिने लागले असतील, पण ते दोन मिनिटांत समजतं. उलट, एका आठवड्यात केलेल्या सांख्यिकीच्या प्रकल्पात परीक्षकाला चार नव्या संकल्पना पचवाव्या लागतात. क्रमाच्या दृष्टीने दुसरा अवघड. अहवालाचा गोषवारा वाचून शिक्षकाने प्रत्येक प्रकल्पाला 'हलका', 'मध्यम' किंवा 'जड' अशी खूण करावी आणि ती यादी स्वतःपाशीच ठेवावी.

बारा गटांचा क्रम, पायरीपायरीने

समजा बारा गट आहेत. प्रत्येकाला १० मिनिटं बोलायला, ४ मिनिटं प्रश्नांना आणि ३ मिनिटं गुण लिहायला व पुढच्याची मांडामांड करायला. एकूण १७ मिनिटं. चार-चार गटांची तीन सत्रं केली तर एक सत्र ६८ मिनिटांचं होतं. मध्ये १५ मिनिटांच्या दोन सुट्ट्या धरून सगळं ३ तास ५४ मिनिटांत बसतं. चारांहून अधिक गट सलग घेऊ नयेत असं मी सांगेन, कारण परीक्षकाला आपल्या नोंदी परत पाहायला थांबा हवा.

गटांना क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ, ड, ढ म्हणू. तुमच्या खासगी यादीत ग, छ, ट जड आहेत, क, घ, ज, ठ हलके आहेत, आणि ख, च, झ, ड, ढ मध्यम. म्हणजे प्रत्येक सत्रात एक जड गट यायला हवा. उरलेल्या तीन जागांत दोन सत्रांत एक हलका व दोन मध्यम येतील, आणि एका सत्रात दोन हलके व एक मध्यम.

पहिली पायरी, इच्छुक. आठवडाभर आधी प्रत्येक गटाकडून घडी घातलेली चिठ्ठी घ्यायची : सत्राची सुरुवात करायला तयार आहात का, हो की नाही. समजा ख, ग, च, ज यांनी हो लिहिलं. जागा तीन, इच्छुक चार, म्हणून त्यांच्यातच चिठ्ठी. ज पहिल्या सत्राला, ग दुसऱ्याला, ख तिसऱ्याला निघाले. च पुन्हा सगळ्यांत मिसळला.

दुसरी पायरी, जड गट. ग आधीच दुसऱ्या सत्रात आहे. छ आणि ट यांची चिठ्ठी काढली, ट पहिल्या सत्रात गेला आणि छ तिसऱ्यात.

तिसरी, हलके गट. ज पहिल्या सत्रात आहेच. दोन हलके कोणत्या सत्रात घ्यायचे हेही चिठ्ठीनेच, समजा तिसऱ्यात. आता क, घ, ठ यांच्यापैकी एक दुसऱ्या सत्रात आणि दोन तिसऱ्यात. निघालं असं : घ दुसऱ्यात, क व ठ तिसऱ्यात. ख, छ, क, ठ मिळून तिसरं सत्र भरलं. उरलेले मध्यम गट च, झ, ड, ढ. चिठ्ठीने झ आणि ढ पहिल्यात गेले, च आणि ड दुसऱ्यात.

शेवटी प्रत्येक सत्रातल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागेसाठी चिठ्ठी. निकाल असा आला. पहिलं सत्र : ज, ढ, ट, झ. दुसरं : ग, च, घ, ड. तिसरं : ख, क, छ, ठ.

आता एक तपासणी. ढ आणि ट दोघांचेही प्रकल्प पाण्याच्या शुद्धतेवर आहेत आणि ते लागोपाठ आले. नियम आधीच सांगितलेला असावा : एका विषयाचे दोन गट शेजारी आले तर फक्त त्या सत्राच्या उरलेल्या तीन जागांची सोडत पुन्हा. ती काढली : ज, ट, झ, ढ. प्रश्न सुटला. हाच नियम सोडत झाल्यावर सांगितला तर ढ गटाला वाटणार की सरांनी आपल्याला मुद्दाम शेवटी टाकलं. म्हणून नियम आधी, चिठ्ठी नंतर.

जड-हलक्याची यादी खासगी असल्यामुळे आतल्या सोडती तुम्ही एकटे काढाल. निदान शेवटची, जागांची सोडत तरी वर्गासमोर काढा. इतकी विभागणी नको असेल, सगळे प्रकल्प साधारण एकाच वजनाचे असतील, तर बारा चिठ्ठ्यांची सरळ सोडत पुरे.

चिठ्ठी नीट कशी टाकावी

१ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत लष्करभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. ३६६ कॅप्सूल होत्या. त्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या आणि पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. परिणामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. वर्गातल्या डब्यातही हेच होतं : शेवटी टाकलेली चिठ्ठी वर राहते आणि हात तिच्यावरच पडतो. म्हणून एकाच वहीचे, एकाच मापाचे कागद घ्यायचे, सगळ्यांना सारख्या दोन घड्या घालायच्या, डबा चिठ्ठ्यांच्या मानाने मोठा घ्यायचा आणि झाकण लावून चांगला हलवायचा.

कोणी आधी चिठ्ठी उचलायची यावरूनही वाद होतो. त्याने काहीही फरक पडत नाही, आणि मुलांना ते एकदा गणित मांडून दाखवावं. पहिल्या उचलणाऱ्याला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता बारात एक. दुसऱ्याला तो मिळायचा तर आधी पहिल्याला तो मिळालेला नसावा, म्हणजे बारात अकरा, आणि मग उरलेल्या अकरांत एक. गुणाकार केला की पुन्हा बारात एकच.

संगणकावर करायचं असेल तर नावं पहिल्या स्तंभात, `A2` पासून `A13` पर्यंत लिहा. `B2` मध्ये पुढचं सूत्र घालून `B13` पर्यंत खाली ओढा :

```
=RAND()
```

मग दुसऱ्या स्तंभानुसार यादी लावायची. खबरदारी एकच. हे आकडे तक्त्यात काहीही बदललं की नव्याने पडतात, म्हणून लावण्याआधी ते कॉपी करून केवळ मूल्यं म्हणून चिकटवायचे. आणि सोडत एकदाच काढायची. आवडेपर्यंत पुन्हा पुन्हा काढली तर ती सोडत राहत नाही.

त्या दिवशी

सगळ्या बारा गटांच्या फाइली आदल्या संध्याकाळी एकाच मुदतीत जमा झालेल्या असाव्यात. दोन दिवस सादरीकरण असेल तर हे फारच महत्त्वाचं, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या गटांना एक रात्र फुकट मिळते आणि पहिल्या दिवशीचे प्रश्न ऐकून ते स्लाइड बदलतात. फाइली सत्र सुरू होण्याआधी एकाच संगणकावर उघडून तपासाव्यात, म्हणजे पहिल्या गटाची पहिली चार मिनिटं वायर शोधण्यात जात नाहीत.

यादीवर प्रत्येकाची वेळ लिहा, नुसता क्रमांक नको. "तिसरा" म्हणण्यापेक्षा "१०:३४" कळलं की बाहेर जाऊन पाणी पिऊन यायची मुभा मिळते, आणि वाट पाहणं सुसह्य होतं. ती वेळ पाळणं मग तुमच्यावर आलं. प्रत्येक गटाने तीन मिनिटं जास्त घेतली तर सत्रातला चौथा गट नऊ मिनिटं उशिरा सुरू होतो, आणि त्याचे प्रश्न कापले जातात. क्रमामुळे होणाऱ्या अन्यायात हा सर्वांत ढोबळ आणि टाळायला सर्वांत सोपा. वेळ पाळायला परीक्षक सोडून दुसरं कोणीतरी बसवा.

पहिली दोन मिनिटं कोणीही मध्ये बोलू नये. ठोके तेव्हा शिगेला असतात, आणि तिथे टाकलेला प्रश्न कामाची परीक्षा घेत नाही, धिटाईची घेतो.

एखादा गट आलाच नाही तर बाकीच्यांना पुढे ओढू नका. ज्याने १०:५१ ची मनाची तयारी केली आहे त्याला १०:३४ ला उभं करणं हा त्याच्यावर अन्याय. ती जागा रिकामी सोडा, तोवर नोंदी पुऱ्या करा, आणि गैरहजर गटाला दिवसाच्या शेवटी घ्या. आपसात अदलाबदल करायची मुलांची विनंती सोडतीनंतर एक दिवस खुली ठेवावी, दोन्ही गटांनी लेखी दिलं आणि दोघंही एकाच वजनाचे असले तरच. नंतर नाही.

गुण देताना

सुरुवातीच्या गटांचे गुण आखडते राहू नयेत म्हणून परीक्षकांनी आधीच हात बसवून घ्यावा. मागच्या वर्षीचं एखादं ध्वनिचित्रमुद्रण असेल तर सकाळी ते सगळ्या परीक्षकांनी मिळून पाहावं, स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मग फरक का पडला ते बोलावं. मुद्रण नसेल तर तक्त्यातल्या प्रत्येक पातळीसाठी एक वाक्य लिहून ठेवावं. 'मांडणी : ५ पैकी ४' म्हणजे नक्की काय दिसलं पाहिजे? 'प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष यांची सांगड न विचारता कळली' असं काहीतरी पकडता येण्याजोगं. पातळी शब्दांत बांधलेली असली की तुलना आधीच्या गटाशी न होता त्या वाक्याशी होते.

गुण प्रत्येक गटानंतर पेन्सिलने लिहावेत आणि शेजारी कारण. सत्राच्या शेवटी, सुट्टीआधी, पहिल्या दोन गटांच्या नोंदी परत वाचाव्यात. बदल करायचा तर लिहिलेल्या कारणावरूनच, 'नंतरचे एवढे चांगले निघाले' म्हणून नव्हे. वाढवायला मुभा तशीच कमी करायलाही. दोन परीक्षक असतील तर आकडे लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नये. याने क्रमाचा परिणाम पूर्ण जाईल असं मात्र समजू नका. सगळ्यांत शेवटी गुण दिले तरी तो राहतो हे युरोव्हिजनच्या आकड्यांत दिसलंच आहे. म्हणून एकूण गुणांचा मोठा वाटा लेखी अहवालाला असावा आणि अहवाल वेगळ्या सोडतीच्या क्रमाने तपासावेत. सादरीकरणात पहिला असलेला गट अहवालातही पहिलाच निघण्याची शक्यता मग बारात एक उरते.

वर्षात दोन सादरीकरणं असतील तर दुसऱ्या वेळी यादी उलटी करावी. पहिला बारावा होतो, दुसरा अकरावा, आणि प्रत्येकाच्या दोन क्रमांकांची बेरीज तेराच येते. मधल्यांची जागा फारशी बदलत नाही, पण नुकसान कडेच्या जागांवर जास्त असतं, त्यामुळे हे पुरतं.

निकालानंतर एक पडताळा घ्या. सोडतीने आलेल्या गटांपैकी पहिल्या चारांची सरासरी आणि शेवटच्या चारांची सरासरी बाजूबाजूला मांडा. सत्राची सुरुवात स्वतःहून करणारे तीन गट या हिशेबातून वगळा, कारण त्यांनी जागा निवडली होती. फरक दिसला की लगेच निष्कर्ष काढू नका. वर्गातले गुण सरासरीपासून साधारण तीन गुणांनी इकडेतिकडे पसरलेले असतील, तर चार-चार गटांच्या सरासरीत चार गुणांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. सहा वर्गांचे आकडे एकत्र केले, म्हणजे दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस गट झाले, की ही मर्यादा पावणेदोन गुणांच्या आसपास येते. त्याहून मोठा फरक टिकून राहिला आणि शेवटच्यांच्या बाजूने असला, तर सकाळची हात बसवण्याची पायरी कुठेतरी गाळली जात आहे. पहिल्यांच्या बाजूने असला, तर आधी घड्याळाच्या नोंदी काढून बघा, शेवटच्या गटांचे प्रश्न कापले गेले असण्याची शक्यता जास्त.